पंचाहत्तर, पण कशाचे?

शेतकऱ्यांच्या कार्यशाळेचं चित्रीकरण करणं सगळ्यात सोपं काम. लग्नाचा व्हिडिओवाला सांगायचा, त्यानं कोपऱ्यात स्टँड लावून कॅमेरा चालू करायचा आणि थेट पंगतीला बसायचं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते आणि ती देणारा माणूस दुसराच असतो. त्याच्या हातात पेन ड्राईव्ह ठेवून शेतकरी कंपनीचे अध्यक्ष म्हणतात, "जास्त काय करायचं नाही बगा. दिवसवार एकेक पान काढून द्या. पेरणीच्या टायमाला लोकायला खिशात ठेवता आलं पाहिजे."

हे 'जास्त काय नाही' म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणानं सांगतो. मे महिना. लातूरकडचं एक मंगल कार्यालय, पत्र्याचं छप्पर. शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद. विषय, सोयाबीनचं घरचं बियाणं. पहिला दिवस निवड आणि उगवण चाचणी, दुसरा बीजप्रक्रिया आणि पेरणी, तिसरा मळणी आणि साठवण. विषयपत्रिकेवर हे असं अगदी सुतासारखं सरळ छापलेलं असतं. ती पत्रिका बाजूला ठेवून कामाला लागावं, कारण सभागृहात ती कुणीच वाचलेली नसते, विद्यापीठातून शिकवायला आलेल्या सरांनीही नाही.

पहिलं भांडण फाईलींशी. कॅमेऱ्याचं कार्ड जुन्या पद्धतीचं असलं की एक फाईल ४ जीबीच्या पुढं जात नाही. ती भरली की कॅमेरा मुकाट्यानं दुसरी सुरू करतो, वाक्य कुठं आहे हे बघत नाही. सर सांगत असतात, "जिवाणू संवर्धन लावलेलं बियाणं उन्हात..." आणि फाईल संपते. पुढची फाईल "ठेवायचं नाही बरं का!" अशी सुरू होते. ही दुसरी फाईल चुकून तिसऱ्या दिवसाच्या फोल्डरात गेली, तर आपल्या पानावर उन्हात ठेवण्याची शिफारस छापून येते, आणि त्याखाली सरांचं नाव असतं.

तारखेवर भरवसा ठेवू नये. कॅमेऱ्याच्या आतली बारकी बॅटरी मेलेली असली की प्रत्येक फाईल १ जानेवारीची दिसते. क्रमांकावरही ठेवू नये, कारण रोज रात्री कार्ड पुसलं की काही कॅमेऱ्यांचा आकडा पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, आणि मग एकाच नावाच्या तीन फाईली तीन दिवसांच्या निघतात. अशा वेळी मी सरांच्या शर्टाचा आधार घेतो. रोजचा शर्ट वेगळा असला तर काम झालं. सर काटकसरी असले आणि एकच जाकीट तिन्ही दिवस चाललं असेल, तर मंचावरच्या समईचा झेंडूचा हार बघावा. पहिल्या दिवशी तो भरलेला आणि केशरी असतो, दुसऱ्या दिवशी कडा काळ्या पडतात, तिसऱ्या दिवशी तो हार आहे हे सांगावं लागतं. लातूरच्या मे महिन्यात या पुराव्यात चूक होत नाही. दिवस ठरला की एका फाईलीचा शेवटचा शब्द आणि दुसरीचा पहिला शब्द जुळतो का ते ऐकायचं, म्हणजे त्या दिवसातला क्रम पक्का.

क्रम लागला की प्रत्येक दिवसाची एकच सलग फाईल करून घ्यावी. त्यासाठी `yadi.txt` नावाच्या फाईलीत क्रमानं नावं लिहायची:

```
file 'MVI_0004.MP4'
file 'MVI_0005.MP4'
file 'MVI_0006.MP4'
```

आणि मग ही एक ओळ:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i yadi.txt -c copy divas2.mp4
```

सगळ्या फाईली एकाच कॅमेऱ्याच्या असल्या की हे काही मिनिटांत होतं, कारण यात चित्र नव्यानं बनत नाही, नुसतं एकापुढं एक जोडलं जातं. मधेच कुणाच्या मोबाईलचं चित्रीकरण घुसवलं तर आवाज एकीकडं आणि सरांचे ओठ दुसरीकडं अशी गत होते. ते वेगळंच ठेवावं. हा खटाटोप कशासाठी, तर पुढं पानावर 'दिवस २, १:१४' एवढंच लिहिलं की ज्याला शंका आहे त्याला नेमक्या त्या जागी जाता यावं म्हणून. सतरा फाईलींत शोधा म्हणालो तर कुणी शोधत नाही, सरळ फोन करतात.

आता ऐकणं. पहिल्या फेरीत दीडपट वेगानं ऐकायचं आणि काहीही सुंदर लिहायचं नाही. वहीत डावीकडं वेळ, उजवीकडं चार शब्द, आणि मधे एक अक्षर: कृती असेल तर 'कृ', आकडा असेल तर 'आ', प्रश्न असेल तर 'प्र', आणि बाकीच्या सगळ्याला 'फा'. फा म्हणजे फापटपसारा. पहिल्या दिवशी पान उलटलं तरी फा, फा, फा एवढंच दिसतं. दीपप्रज्वलन, काडी विझणं, दुसरी काडी, पंखा बंद करा, पंखा बंद, समई लागली, पंखा चालू, समई विझली. मग शाल आणि श्रीफळ. प्रास्ताविकाचं प्रास्ताविक. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते इथं शब्दशः समईत ओतलेलं असतं.

म्हणून हा भाग उडवावा असं मनात येतं. उडवू नये, वेग दुप्पट करावा पण कान उघडे ठेवावेत. कारण आभारप्रदर्शन चालू असताना सर हमखास माईक मागून घेतात आणि म्हणतात, "एक सांगायचं राह्यलं. पोती गाडीतून उतरवताना फेकू नका." झालं, तिन्ही दिवसांतलं सगळ्यात कामाचं वाक्य. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं आणि आतला अंकुर सालीच्या लगेच खाली असतो. पोतं आपटलं की दाणा दिसायला धड राहतो पण उगवत नाही. हे वाक्य येतं तेव्हा निम्मं सभागृह चप्पल शोधत असतं. ते पानावर पहिल्या तीन ओळींत यायला हवं, विषयपत्रिकेत ते कुठंच नसलं तरी.

दुसरी फेरी फक्त 'आ' लागलेल्या जागांची, आणि ही नेहमीच्या वेगानं. दीडपटीत 'साठ' आणि 'सात' एकच ऐकू येतं. बियाण्याच्या पोत्यांची थप्पी सात फुटांच्या वर नको, असं सर सांगतात. घाईत कुणी साठ लिहिलं, तर थप्पी पत्रा फोडून आभाळात जाईल. हे निदान वाचणाऱ्याला हसू येऊन कळतं. खरा घात करतो तो शक्य वाटणारा आकडा, आणि या कार्यशाळेत त्याचं नाव पंचाहत्तर.

पहिल्या दिवशी ११च्या सुमारास सर म्हणतात, "बियाणं पंचाहत्तर किलो." कशाला पंचाहत्तर, ते म्हणत नाहीत. विद्यापीठात आयुष्य गेलेल्या माणसाला हेक्टर सांगायची गरज वाटत नाही, आणि समोर बसलेल्याला एकराशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. ७५ किलो हे हेक्टरी प्रमाण आहे. हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणजे एकरी ३० किलो. पानावर नुसतं '७५ किलो' गेलं तर एकरात अडीचपट बियाणं पडेल, झाडं एकमेकांच्या अंगावर चढतील, आणि सरांना पुन्हा कुणी बोलावणार नाही. दुपारी सर परत म्हणतात, "पंचाहत्तर झाल्याशिवाय पेरू नका." हे पंचाहत्तर पावसाचे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरणी. आणि उद्घाटनात पाहुण्यांनी स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षं आधीच सांगून ठेवलेली असतात. वहीत तीन ठिकाणी '७५' आणि तिन्हींपुढं 'आ'. म्हणून आकडा वहीत एकटा लिहायचाच नाही. आकडा, माप, आणि कशाचं माप, हे तिन्ही एका दमात लिहायचं: ३० किलो, एकरी, बियाणं. माप ऐकू आलं नसेल तर आकड्यापुढं प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढं जायचं. आपल्याला माहीत आहे म्हणून मनानं भरायचं नाही.

त्याच्या पुढचा घोळ याहून मजेदार. पहिल्या दिवशीच पुढं कधीतरी सर एकरी ३० सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, हातात काहीतरी धरून, एकरी ३४ सांगतात. चहाच्या टपरीवर याच्यावरून दोन तट पडतात. "कालच तीस म्हणले की!" "आवो, आज चौतीस म्हणले, म्या लिवून घेतलंय." कुणी म्हणतं सर विसरले, कुणी म्हणतं बियाणं कंपनीवाल्यांनी फिरवलं. नीट बघितलं तर दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोन्हींच्या मधली अट ध्वनिमुद्रणात माईकपासून लांब बोलली गेली आहे.

सरांच्या हातात होती गोणपाटाची गुंडाळी. उगवण चाचणी अशी: ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, ओल टिकवत ठेवायची. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. शंभरात ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो. तीन दिवसांच्या कार्यशाळेत सात दिवसांची चाचणी होत नाही, म्हणून सरांनी आठवड्यापूर्वी घातलेली गुंडाळी बरोबर आणली होती. ती दुसऱ्या दिवशी उघडली. मोजले तर ६२ निघाले. सत्तराच्या खाली जेवढे टक्के कमी, तेवढ्या टक्क्यांना अर्धा अर्धा किलो वाढवायचं. आठ टक्के कमी, म्हणजे चार किलो जास्त. म्हणून ३४. दुसऱ्या वाटेनं ताळा करायचा तर ३० गुणिले ७०, भागिले ६२, उत्तर चौतिसाच्या जरा खाली येतं. जमलं. ६० टक्के उगवण असेल तर याच हिशेबानं ३५ किलो.

आता दिवसवार पान करताना ३४ दुसऱ्या दिवसाच्या पानावर जाणार का? सांगितलं दुसऱ्या दिवशी, म्हणून तिथं जाणार. पण जूनमध्ये ज्याला बियाणं मोजायचंय तो पहिल्या दिवसाचं पान काढणार, कारण चाचणी तिथं आहे, आणि त्यावर नुसतं ३० असेल तर ६२ टक्क्यांच्या बियाण्याला तो ३० च टाकणार. म्हणून माझा नियम असा: दिवस हा आठवणीचा पत्ता, पण दुरुस्ती मूळ जागीच लिहायची. पहिल्या दिवसाच्या पानावर '७० टक्के उगवण: एकरी ३० किलो. त्याहून कमी असेल तर दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा (६२ टक्के: ३४ किलो)' असं पूर्ण. आणि दुसऱ्या दिवसाच्या पानावर एक ओळ, 'सकाळी गुंडाळी उघडून मोजली, ६२ निघाले. हिशेब पहिल्या पानावर, चित्रीकरण दिवस २, ०:२१.' ज्याला दुसरा दिवस आठवतो त्यालाही सापडतं आणि ज्याला पहिला आठवतो त्यालाही.

बीजप्रक्रियेचंही तसंच. दुसऱ्या दिवशी सरांनी बुरशीनाशक आणि जिवाणू संवर्धन एवढंच सांगितलं. संवर्धनाचं प्रमाण पाकिटातल्या भुकटीचं, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मागच्या खुर्चीवरून कुणीतरी काहीतरी विचारलं आणि सर म्हणाले, "ते मधी." बास, दोन शब्द. प्रश्न माईकवर नाही. प्रश्न विचारणारा माणूस मोठ्यानं बोलतो, पण वरचा पंखा त्याच्याहून मोठ्यानं. कानाला हेडफोन लावून, आवाज वाढवून तीनदा ऐकल्यावर 'किडीचं औषध' एवढं सापडतं. म्हणजे क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणू संवर्धन सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर, आणि वाळवणं सावलीत. हा पूर्ण क्रम दुसऱ्या दिवसाच्याच पानावर जातो. प्रश्न ऐकू येत नसेल तर उत्तरावरून प्रश्न बांधता येतो, पण असा बांधलेला प्रश्न सरांना विचारून घेतल्याशिवाय छापायचा नाही. ते 'मधी' जेवणाच्या सुट्टीबद्दलही असू शकलं असतं.

कानानं मुळीच न सापडणारी गोष्ट म्हणजे 'एवढं'. "दाणा एवढाच खोल गेला पाहिजे, एवढा नाही!" सभागृह हसतं, म्हणजे सरांनी हातानं काहीतरी मजेदार दाखवलेलं असतं. हे बघायला व्हिडिओ लागतो, आणि त्या वेळी कॅमेरावाला पाहुण्यांच्या फेट्यावर झूम करून बसलेला असतो. फेटा उत्तम आला आहे. मग सरांच्या तक्त्यावरून खात्री करायची: ३ ते ५ सेंटिमीटर. पानावर नुसतं सेंटिमीटर लिहू नये. शेतात पट्टी कुणी नेत नाही. 'बोटाच्या दोन पेरांपर्यंत, त्याहून खोल नाही' असं जोडून द्यावं. ज्याला हातानं दाखवलं होतं त्याला हातानंच परत मिळतं.

पान लिहिताना एका दिवसाला सहा-सात मुद्दे, त्याहून जास्त नाही. प्रत्येक मुद्दा क्रियापदानं संपलेला: भिजवा, मोजा, वाढवा, फेकू नका. 'उगवण चाचणीचे महत्त्व विशद करण्यात आले' ही ओळ इतिवृत्तात शोभते. खिशातल्या पानावर ती वाचून कुणाला गोणपाट कुठून आणायचं ते कळत नाही. अक्षर मोठं ठेवावं, कारण ते पान गावातल्या झेरॉक्सवर जाणार, झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स निघणार. रंगीत चौकटीत पिवळी अक्षरं टाकली की दुसऱ्या झेरॉक्सला ती चौकट नुसती काळी येते, आणि 'महत्त्वाचे' तेवढंच नाहीसं होतं. अपूर्णांक टाळावेत. १/२ काळ्या-पांढऱ्यात १२ दिसतं.

मग तपासणी. अख्खं पान सरांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर दोन मिनिटांत अंगठा येतो. हा अंगठा 'वाचलं' असा नसतो, 'मिळालं' असा असतो, बहुतेक वेळा गाडी चालवताना दिलेला. त्यामुळं पान पाठवायचंच नाही. प्रश्नचिन्ह काढलेल्या चार-पाच ओळी वेगळ्या काढून अशा विचारायच्या की अंगठ्यानं उत्तरच देता येऊ नये. 'पोत्यांची थप्पी सात फूट की सात पोती?' 'कीटकनाशक मधी की शेवटी?' याला शब्दांत उत्तर द्यावंच लागतं. सर चिडतात, पण सांगतात.

अध्यक्षांची तक्रार वेगळी असते. "पाव्हण्यांचं नाव कुठं हाय? माझं भाषण कुठं गेलं?" हे रास्त आहे, त्यांनी मंडपाचे पैसे दिलेत. त्यांच्यासाठी वेगळा अहवाल करावा, त्यात स्वागत, सत्कार, फोटो, स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षं, सगळं सविस्तर. हे दोन कागद एकत्र केले की अहवालही कुणी वाचत नाही आणि पानही.

राहता राहिली ती रिकामी जागा. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, कॅमेऱ्याची बॅटरी उतरली, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत बारा मिनिटं कोरी. सर बोलायचे थांबले नाहीत; विषयपत्रिका बघितली तर विषय मळणीचा. मळणी यंत्राचे फेरे किती ठेवायचे? तिथं हजर असलेल्यांना फोन लावला. एक म्हणाले, "साडेतीनशे, मला पक्कं ध्यानात हाय." दुसरे म्हणाले, "साडेचारशे. साडेतीनशे कोण म्हणलं?" तिसरे म्हणाले, "मशीनवाल्याला इचारा की, कामून डोकं खाताव." अशा वेळी दोघांची सरासरी काढून चारशे लिहायचा मोह होतो, आणि तोच सगळ्यात वाईट. सरांना विचारलं. ते म्हणाले, "दोघंबी बरोबर. ओलाव्यावर हाय ते." दाण्यात १४ टक्के ओलावा असेल तर मिनिटाला ४०० ते ५०० फेरे, १३ टक्के असेल तर ३०० ते ४००, दाणा जितका सुका तितका लवकर फुटतो. दोघांनी दोन अर्धी वाक्यं जपून ठेवली होती.

पानावर ते असं गेलं: 'मळणी यंत्राचे फेरे, मिनिटाला: ओलावा १४ टक्के असेल तर ४०० ते ५००, १३ टक्के असेल तर ३०० ते ४००. (या भागाचं चित्रीकरण नाही, सरांना फोनवर विचारून.)' कंस ठेवायचाच. तो बघून अध्यक्ष म्हणाले, "वीज गेल्ती हे कशाला लिव्हायचं? आपलीच इज्जत जाती." मी म्हणालो, लिहिलेलं नाही, चित्रीकरण नाही एवढंच आहे. त्यावर ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मग त्या बारा मिनटाचे पैसे व्हिडिओवाल्याला कामून दिले?"